आठ नोड, आठ बाण: आलेखातून सशर्त स्वातंत्र्य कसे वाचावे

छातीच्या दवाखान्यात एक रुग्ण आला आहे आणि त्याला क्षय असण्याची शक्यता किती, हे ठरवायचे आहे. तो सिगारेट ओढतो की नाही हे कळले, तर ही शक्यता बदलेल का? या लेखात आपण जे प्रारूप पाहणार आहोत, त्याचे उत्तर आहे: अजिबात नाही. सिगारेट ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला क्षय असण्याची शक्यता सारखीच, १.०४ टक्के. मग त्या रुग्णाचा एक्स-रे काढला जातो आणि त्यात दोष दिसतो. आता पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर तेच प्रारूप सांगते की रुग्ण सिगारेट ओढत असेल तर क्षयाची शक्यता ६.७ टक्के आहे आणि ओढत नसेल तर १४.८ टक्के.

ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, त्या एक्स-रे पाहताच एकमेकींशी बांधल्या गेल्या. गंमत म्हणजे हे होणार, हे एकही आकडा न मांडता, नुसत्या आकृतीतले बाण पाहून आधीच सांगता येते. आकृतीवरून असे सांगण्याच्या नियमाला डी-सेपरेशन म्हणतात. संभाव्यता-प्रारूपांच्या परीक्षेत बिलीफ नेटवर्कवर, म्हणजेच बेझियन नेटवर्कवर, जो प्रश्न हमखास येतो तो याच नियमावर असतो. नियम चार ओळींचा आहे. गुण जातात ते तो नियम नोडला लावायचा की वाटेला, या गोंधळात. तो गोंधळ दूर करण्यासाठी एकच आकृती घेऊ आणि ती नीट वाचू.

दवाखान्याची आकृती

ही आकृती १९८८ साली डेन्मार्कमधील आल्बोर्गचे स्टेफेन लॉरिट्झेन आणि केंब्रिजचे डेव्हिड स्पीगलहाल्टर यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकातील एका निबंधात मांडली. उदाहरण काल्पनिक आहे आणि आकडे समजावून सांगण्यापुरते आहेत, पण पुढे ते अभ्यासक्रमांत आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘आशिया नेटवर्क’ या नावाने रुळले. त्यात आठ नोड आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असते.

रुग्ण नुकताच आशियात जाऊन आला आहे का, हा पहिला नोड. त्याला आपण ‘आशिया’ म्हणू. आशियात जाऊन आलेल्याला क्षय होण्याची शक्यता प्रारूपात जास्त धरली आहे. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग आणि ब्राँकायटिस या दोहोंची शक्यता वाढते. एक्स-रेला क्षय आणि कर्करोग यांत फरक करता येत नाही, म्हणून मध्ये एक नोड ठेवला आहे. क्षय किंवा कर्करोग यांपैकी निदान एक असेल तर त्याचे उत्तर ‘हो’. त्याला ‘दोहोंपैकी’ म्हणू. एक्स-रेतला दोष त्यावर अवलंबून असतो. धाप लागणे मात्र या नोडवरही अवलंबून असते आणि ब्राँकायटिसवरही. सगळे बाण असे:

आशिया → क्षय
धूम्रपान → कर्करोग
धूम्रपान → ब्राँकायटिस
क्षय → दोहोंपैकी
कर्करोग → दोहोंपैकी
दोहोंपैकी → एक्स-रे
दोहोंपैकी → धाप
ब्राँकायटिस → धाप

पुढे जाण्यापूर्वी ही आकृती कागदावर काढून घ्यावी. पुढचे सगळे तिच्यावर बोट फिरवत वाचायचे आहे.

बाण जिथून निघतो तो नोड पालक आणि जिथे पोहोचतो तो अपत्य. प्रत्येक नोडसाठी एक तक्ता असतो आणि त्यात पालकांची उत्तरे माहीत असताना त्या नोडचे उत्तर ‘हो’ असण्याची संभाव्यता लिहिलेली असते. उदाहरणार्थ, धूम्रपान करणाऱ्याला कर्करोग असण्याची संभाव्यता ०.१ आणि न करणाऱ्याला ०.०१. सगळ्या तक्त्यांचा गुणाकार केला की आठही नोडांची एकत्रित संभाव्यता मिळते. आकृती नसती, तर आठ हो-नाही प्रश्नांच्या सर्व जुळण्यांसाठी २५५ आकडे द्यावे लागले असते. आकृतीमुळे १४ पुरतात. ‘दोहोंपैकी’चा तक्ता तर व्याख्येतूनच ठरतो, त्याला वेगळा आकडा लागत नाही.

ही काटकसर आकाशातून पडत नाही. कोणत्या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत याबद्दल प्रारूपाने काही दावे केले आहेत, त्या दाव्यांची ही कमाई आहे. काढलेला बाण म्हणतो, ‘इथे संबंध असू शकतो.’ न काढलेला बाण त्याहून ठाम बोलतो: ‘इथे थेट संबंध नाही.’ या सगळ्या न काढलेल्या बाणांतून कोणकोणती स्वातंत्र्ये निष्पन्न होतात, ते डी-सेपरेशन सांगते. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांनी १९८०च्या दशकात मांडली. २०११चा ट्युरिंग पुरस्कार पर्ल यांना ज्या कामासाठी मिळाला, त्याचा ती एक भाग आहे.

वाट कुठे अडते

सशर्त स्वातंत्र्याची खूण अशी लिहितात: कर्करोग ⊥ ब्राँकायटिस | धूम्रपान. उभ्या रेघेच्या उजवीकडे जे लिहिले असते ते आपल्याला माहीत आहे. ते माहीत असताना डावीकडच्या दोघांपैकी एकाचे उत्तर कळल्याने दुसऱ्याबद्दलचा अंदाज तिळभरही बदलत नाही, असा या खुणेचा अर्थ.

ते तपासताना त्या दोन नोडांमधली प्रत्येक वाट पाहायची. वाट म्हणजे बाणांच्या रेघांवरून चालत जाणे. चालताना बाणाची दिशा उलटी असली तरी हरकत नाही, फक्त एकाच नोडवर दोनदा जायचे नाही. वाटेवरच्या प्रत्येक मधल्या नोडपाशी थांबून पाहायचे की तिथे दोन्ही बाजूंचे बाण कसे भेटतात. भेटण्याच्या तऱ्हा तीनच आहेत.

पहिली साखळी. आशिया → क्षय → दोहोंपैकी यात क्षय हा साखळीतला मधला नोड आहे. क्षयाबद्दल काही माहीत नसेल, तर प्रवासाची माहिती त्यातून पुढे जाते आणि वाट खुली राहते. क्षय आहे की नाही हे एकदा पक्के कळले, की रुग्ण कुठून आला याला पुढच्या नोडांसाठी महत्त्व उरत नाही. वाट बंद होते.

दुसरा फाटा. कर्करोग ← धूम्रपान → ब्राँकायटिस यात दोन्ही बाण मधल्या नोडमधून बाहेर पडतात. रुग्ण धूम्रपान करतो की नाही हे माहीत नसताना त्याला कर्करोग असल्याचे कळले, तर तो बहुधा सिगारेट ओढणारा असावा, असा आपला अंदाज वाढतो आणि त्याबरोबर ब्राँकायटिसची शक्यताही वाढते. निबंधातील आकडे मांडले तर ती ४५ टक्क्यांवरून ५७.३ टक्क्यांवर जाते. पण तो सिगारेट ओढतो हे आधीच माहीत असेल, तर कर्करोग असो वा नसो, ब्राँकायटिसची शक्यता ६० टक्केच राहते. म्हणजे फाट्यावरचा नोड माहीत झाला की वाट बंद.

तिसरा कोलायडर. क्षय → दोहोंपैकी ← कर्करोग यात दोन्ही बाण मधल्या नोडवर येऊन आदळतात. इथे सगळे उलटे होते. मधल्या नोडबद्दल काहीच माहीत नसेल तर वाट बंद असते. तो नोड माहीत झाला, किंवा त्याच्यापासून बाणांच्या दिशेने खाली जाता येईल असा कोणताही वंशज माहीत झाला, तर वाट खुली होते.

पूर्ण नियम एवढाच: वाटेवरचा प्रत्येक मधला नोड खुला असेल तरच ती वाट खुली. एकही नोड बंद असला तर सगळी वाट बंद. दोन नोडांमधल्या सगळ्याच वाटा बंद असतील, तर ते नोड डी-सेपरेटेड आहेत आणि म्हणून सशर्त स्वतंत्र आहेत.

एक्स-रेने काय उघडले

धूम्रपान आणि क्षय यांच्यामध्ये दोन वाटा आहेत. पहिली: धूम्रपान → कर्करोग → दोहोंपैकी ← क्षय. हिच्यावर ‘दोहोंपैकी’ कोलायडर आहे. दुसरी: धूम्रपान → ब्राँकायटिस → धाप ← दोहोंपैकी ← क्षय. हिच्यावर ‘धाप’ कोलायडर आहे. काहीच माहीत नसताना दोन्ही कोलायडर बंद, म्हणून दोन्ही वाटा बंद. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्यात आणि न ओढणाऱ्यात क्षयाची शक्यता सारखीच.

एक्स-रे हा ‘दोहोंपैकी’चा वंशज आहे. तो माहीत झाला की पहिल्या वाटेवरचा कोलायडर उघडतो. कर्करोगाबद्दल काही माहीत नसल्याने तो साखळीतला नोडही खुलाच आहे. म्हणजे अख्खी वाट खुली झाली. आकृती इथवर सांगते. संबंध कोणत्या दिशेने आणि किती, ते आकडे सांगतात.

आकडे दहा-दहा हजारांच्या गटांत मांडले की हिशेब डोळ्यांना दिसतो. सिगारेट ओढणारे १०,००० रुग्ण घेऊ. त्यांत क्षयाचे १०४ आणि कर्करोगाचे १,०००. दोन्ही असणारे थोडे वजा जाऊन निदान एक आजार असलेले सुमारे १,०९४ होतात. एक्स-रे त्यांच्यापैकी ९८ टक्क्यांमध्ये दोष दाखवतो आणि आजार नसलेल्यांपैकी ५ टक्क्यांमध्येही चुकून दाखवतो. म्हणजे दोषी एक्स-रे एकूण सुमारे १,५१७ आणि त्यांत क्षयाचे रुग्ण १०२. आता न ओढणारे १०,००० घेऊ. क्षयाचे पुन्हा १०४, पण कर्करोगाचे फक्त १००. दोषी एक्स-रे सुमारे ६८९ आणि त्यांतही क्षयाचे १०२. दोन्हीकडे वरचा आकडा तोच आहे, खालचा मात्र निम्म्याहून कमी झाला. १,५१७ मध्ये १०२ म्हणजे ६.७ टक्के आणि ६८९ मध्ये १०२ म्हणजे १४.८ टक्के.

याचा अर्थ सिगारेट क्षयापासून वाचवते असा मुळीच नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या एक्स-रेतल्या दोषाला कर्करोग हे दुसरे तगडे स्पष्टीकरण उपलब्ध असते, म्हणून क्षयावरचा संशय कमी होतो. न ओढणाऱ्याकडे ते स्पष्टीकरण दुबळे असते, म्हणून संशय क्षयाकडे वळतो. कर्करोग आहेच असे पक्के कळले, तर दोषाचे कारण पूर्णपणे सापडते आणि क्षयाची शक्यता पुन्हा मूळ १.०४ टक्क्यांवर येते. कर्करोग नाही असे कळले, तर ती १७.१ टक्क्यांवर चढते. एका कारणाने परिणामाचा उलगडा केला की दुसऱ्या कारणावरचा संशय उतरतो, हे कोलायडरचे नेहमीचे वागणे आहे.

हाच सापळा प्रत्यक्ष संशोधनातही असतो. कोणी फक्त दोषी एक्स-रे असलेल्या रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांत धूम्रपान व क्षय यांचा संबंध तपासला, तर सिगारेट ओढणाऱ्यांत क्षय कमी दिसेल आणि त्यातून चुकीचा निष्कर्ष निघेल. रुग्णालयातल्या नोंदींमधून असे खोटे संबंध निर्माण होतात, हे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवले होते. डी-सेपरेशनच्या भाषेत सांगायचे, तर नोंदी निवडण्याची अट हीच कोलायडरच्या वंशजाबद्दलची माहिती ठरते.

गुण कुठे जातात

आता असे दोन प्रश्न पाहू, ज्यांत नियम पाठ असलेला विद्यार्थीही अडखळतो.

पहिला प्रश्न: कर्करोग ⊥ ब्राँकायटिस | धूम्रपान, एक्स-रे. हे खरे की खोटे? घाईत असे वाटते की एक्स-रे हा ‘दोहोंपैकी’चा वंशज, ‘दोहोंपैकी’ कोलायडर, म्हणजे वाट उघडली आणि उत्तर खोटे. पण वाटा मोजून पाहा. कर्करोग ← धूम्रपान → ब्राँकायटिस ही वाट धूम्रपान माहीत असल्याने बंद. दुसरी वाट कर्करोग → दोहोंपैकी → धाप ← ब्राँकायटिस. या वाटेवर ‘दोहोंपैकी’ हा साखळीतला नोड आहे. एक बाण आत येतो, एक बाहेर जातो. कोलायडर इथे ‘धाप’ आहे. धाप माहीत नाही आणि एक्स-रे हा धापेचा वंशज नाही. म्हणून ही वाटही बंद आणि विधान खरे.

या प्रश्नाचा धडा मोठा आहे. कोलायडर असणे हा नोडचा कायमचा गुणधर्म नाही. तो त्या नोडचा त्या विशिष्ट वाटेवरचा गुणधर्म आहे. ‘दोहोंपैकी’ हा क्षय आणि कर्करोग यांच्यामधल्या वाटेवर कोलायडर आहे आणि कर्करोग ते धाप या वाटेवर साधी साखळी आहे. आकृती पाहताक्षणी ज्या नोडमध्ये दोन बाण शिरतात त्यावर ‘कोलायडर’ असा शिक्का मारला, की चूक ठरलेलीच. याच प्रश्नात एक्स-रेऐवजी धाप दिली असती, तर दुसऱ्या वाटेवरचा कोलायडर उघडला असता आणि विधान खोटे ठरले असते.

दुसरा प्रश्न: आशिया ⊥ धाप | दोहोंपैकी. इथे उलट बाजूने फसगत होते. आशिया → क्षय → दोहोंपैकी → धाप ही सरळ वाट ‘दोहोंपैकी’ माहीत असल्याने बंद होते. तिथेच थांबून ‘स्वतंत्र’ असे लिहिले जाते. पण एक वाट राहिली: आशिया → क्षय → दोहोंपैकी ← कर्करोग ← धूम्रपान → ब्राँकायटिस → धाप. या वाटेवर ‘दोहोंपैकी’ कोलायडर आहे आणि तो माहीत असल्यामुळेच उघडला आहे. क्षय, कर्करोग, धूम्रपान, ब्राँकायटिस यांच्याबद्दल काही माहीत नाही, म्हणून तेही खुले. वाट खुली आहे, त्यामुळे डी-सेपरेशन नाही. एकाच माहितीने एक वाट बंद केली आणि दुसरी उघडली.

आकड्यांतही हे दिसते. क्षय किंवा कर्करोग यांपैकी निदान एक आहे हे माहीत असताना, आशियात जाऊन आलेल्याला धाप लागण्याची शक्यता ८०.३ टक्के येते आणि न गेलेल्याला ८१.१ टक्के. फरक छोटा आहे, पण शून्य नाही. आशियात जाऊन आलेल्यात दोषाचे कारण क्षय असण्याची शक्यता वाढते, म्हणून कर्करोगाची कमी होते, म्हणून धूम्रपानाची, म्हणून ब्राँकायटिसची आणि शेवटी धापेची. ही गळती थांबवायची असेल, तर ब्राँकायटिसही माहीत असावा लागतो. आशिया ⊥ धाप | दोहोंपैकी, ब्राँकायटिस हे विधान खरे आहे, कारण धापेचे दोन्ही पालक माहीत झाले.

वाटा मोजायच्या नसतील तर

आठ नोडांच्या आकृतीत वाटा हाताने मोजता येतात. आकृती मोठी असेल किंवा वाट राहून गेल्याची शंका असेल, तर लॉरिट्झेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली दुसरी पद्धत वापरावी. तिचे उत्तर नेहमी डी-सेपरेशनशी जुळते. पायऱ्या चार आहेत. प्रश्नात आलेले नोड आणि त्यांचे सर्व पूर्वज एवढेच ठेवायचे, बाकीचे पुसायचे. उरलेल्या आकृतीत ज्यांचे अपत्य समान आहे, अशा पालकांना एकमेकांशी रेघेने जोडायचे. सर्व बाणांची टोके पुसून साध्या रेघा करायच्या. शेवटी माहीत असलेले नोड काढून टाकायचे. आता प्रश्नातले दोन नोड रेघांनी जोडलेले राहिले नसतील, तर ते डी-सेपरेटेड.

आपलेच दोन प्रश्न या पद्धतीने सोडवून पाहू. पहिल्यात कर्करोग, ब्राँकायटिस, धूम्रपान, एक्स-रे आणि त्यांचे पूर्वज ठेवले. धाप कोणाचीच पूर्वज नाही, म्हणून ती पहिल्याच पायरीत पुसली गेली. समान अपत्य असलेले पालक फक्त क्षय आणि कर्करोग, त्यांना जोडले. मग धूम्रपान आणि एक्स-रे काढले. ब्राँकायटिसची एकमेव रेघ धूम्रपानाशी होती, ती गेली आणि तो एकटा पडला. स्वतंत्र.

दुसऱ्यात धाप प्रश्नातच आहे, म्हणून ती राहते. पुसला जातो तो एक्स-रे. क्षय–कर्करोग ही जोडी आणि धापेचे पालक दोहोंपैकी–ब्राँकायटिस ही जोडी रेघेने जोडली. ‘दोहोंपैकी’ काढले. तरीही आशियापासून क्षय, कर्करोग, धूम्रपान, ब्राँकायटिस आणि धाप अशी अखंड रेघ शिल्लक राहते. डी-सेपरेशन नाही.

उत्तरपत्रिकेत एका पद्धतीने उत्तर काढून दुसरीने पडताळावे. दोन्ही जुळली नाहीत तर बहुधा एखादी लांबची वाट सुटलेली असते, किंवा पूर्वज नसलेला नोड पुसायचा राहिलेला असतो.

आकृतीला जे दिसत नाही

नियमाची एक मर्यादा उत्तराच्या शब्दांतच जपावी लागते. नोड डी-सेपरेटेड असतील, तर तक्त्यांत कोणतेही आकडे भरले तरी ते स्वतंत्र असतात. हा दावा पक्का आहे. डी-सेपरेटेड नसतील, तर ते परावलंबी असलेच पाहिजेत असे नाही. आकृती फक्त एवढेच म्हणते की स्वातंत्र्याची हमी मी देत नाही. विशिष्ट आकड्यांमुळे ते स्वतंत्र निघू शकतात. म्हणून ‘परावलंबी आहेत’ असे लिहिण्यापेक्षा ‘आलेखावरून स्वातंत्र्याची हमी मिळत नाही’ असे लिहिणे अचूक.

याचे उदाहरण याच आकृतीत आहे. क्षय, कर्करोग आणि ब्राँकायटिस माहीत असताना एक्स-रे आणि धाप स्वतंत्र आहेत का? एक्स-रे ← दोहोंपैकी → धाप ही फाट्याची वाट खुली आहे, कारण ‘दोहोंपैकी’ दिलेले नाही. नियमाप्रमाणे हमी नाही. पण ‘दोहोंपैकी’ हा क्षय आणि कर्करोग यांवरून निश्चित ठरतो, त्यात दैवाचा भाग नाही. ते दोघे माहीत म्हणजे तोही माहीतच. त्यामुळे एक्स-रे आणि धाप प्रत्यक्षात स्वतंत्र आहेत. साधे डी-सेपरेशन तक्त्याच्या आत डोकावत नाही, म्हणून त्याला हे कळत नाही. प्रश्नात एखादा नोड पालकांवरून निश्चित ठरतो असे म्हटले असेल, तर पालक माहीत असताना त्यालाही माहीत असलेल्या नोडांत धरून मग वाटा तपासाव्यात.

तक्त्यांत न डोकावण्याचा फायदाही आहे. ‘आशियात जाऊन आला का’ हा प्रश्न युरोपातल्या दवाखान्यासाठी आहे. मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यात तो निरर्थक ठरेल, कारण इथला प्रत्येक रुग्ण आशियातलाच. त्या जागी ‘घरात कोणाला क्षय आहे का’ असा प्रश्न ठेवला आणि सगळे तक्ते इथल्या आकड्यांनी भरले, तरी बाण तेच राहिले तर वरची सगळी स्वातंत्र्ये जशीच्या तशी टिकतात.

बदलायचा असेल तर बाण बदलावा लागतो आणि इथे तो बदलण्याला कारण आहे. धूम्रपानामुळे क्षयाचा धोका वाढतो, हे आता वैद्यकशास्त्रात मान्य आहे. निबंधातल्या आकृतीत मात्र धूम्रपानाकडून क्षयाकडे बाण नाही. लेखाच्या सुरुवातीचे ‘दोन्हीकडे १.०४ टक्के’ हे उत्तर त्या न काढलेल्या बाणातूनच आले होते. तो बाण काढून पाहा. धूम्रपान आणि क्षय आता थेट जोडलेले, म्हणून ते कशानेच वेगळे होणार नाहीत. क्षय आणि कर्करोग एरवी स्वतंत्र होते. आता धूम्रपान हा त्यांच्यामधला फाटा झाला, म्हणून ते स्वतंत्र राहण्यासाठी धूम्रपान माहीत असावे लागेल. कर्करोग ⊥ ब्राँकायटिस | धूम्रपान हे मात्र तसेच टिकते.

सर्वांत सूक्ष्म बदल दूरच्या एका जोडीत होतो. आशिया ⊥ एक्स-रे | क्षय हे विधान जुन्या आकृतीत खरे होते. आशियातून निघणारी प्रत्येक वाट साखळीतल्या क्षयापाशी अडत होती. नव्या आकृतीत आशिया → क्षय ← धूम्रपान → कर्करोग → दोहोंपैकी → एक्स-रे ही वाट तयार झाली. तिच्यावर क्षय कोलायडर आहे आणि तो माहीत असल्याने उघडा आहे. नवा बाण आशियालाही शिवला नाही आणि एक्स-रेलाही, तरी त्या दोघांच्या स्वातंत्र्याची हमी गेली. म्हणून आकृतीत एक बाण वाढवून ‘आता कोणती विधाने टिकतात?’ असा प्रश्न आला, तर फक्त त्या बाणाच्या दोन टोकांपाशी पाहून चालत नाही. ज्या नोडमध्ये तो बाण शिरला, त्या नोडमधून जाणारी प्रत्येक वाट पुन्हा तपासावी लागते आणि त्यातही आधी त्या वाटा, ज्यांच्यावर तो नोड माहीत असल्यामुळे पूर्वी अडसर होता.